एचडी मॅचचं रेकॉर्डिंग सव्वा तासाच्या आत थांबतं, तुकडे होतात: दोष बॉक्सचा की पेनड्राईव्हचा?

प्रश्न: भाऊ, माझ्या डीटीएच बॉक्सला ६४ जीबीचा पेनड्राईव्ह लावला आहे. सिरीयल नीट रेकॉर्ड होते, पण एचडीवर मॅच लावली की सव्वा तासाच्या आत रेकॉर्डिंग आपोआप बंद होऊन राहिलं. जेवढं झालं तेपण अटकून अटकून चालते, चौकोन चौकोन दिसतात. तोच पेनड्राईव्ह लॅपटॉपवर एकदम मस्त चालते. लॅपटॉपची जुनी ५०० जीबीची हार्ड डिस्क केसमध्ये टाकून लावली तर टिकटिक करते अन् बॉक्सच रिस्टार्ट होतो. दुकानवाला म्हणते बॉक्स खराब आहे. खरंच बदलू का? (मनीषनगर, नागपूर)

उत्तर:

बॉक्स बदलू नका भाऊ, आत्ताच तर बिलकुल नाही. तुम्ही जे सांगितलं त्यात एक नाही, तीन वेगवेगळ्या भानगडी आहेत आणि तिन्हींचं कारण बॉक्सच्या बाहेर असण्याची शक्यता जास्त आहे. मी नागपुरात डिश आणि बॉक्सचंच काम करतो, आणि या तक्रारीवर दुकानात सरसकट "बॉक्स गेला" हेच उत्तर मिळतं, मग माणूस नवीन बॉक्स घेतो, तोच पेनड्राईव्ह त्याला लावतो आणि पुढच्या मॅचला पुन्हा तेच.

आधी बॉक्स रेकॉर्डिंग करताना करतो काय ते पाहू, कारण सगळं तिथूनच निघतं. सॅटेलाईटवरून चॅनल आधीच दाबलेल्या स्वरूपात येतो, बॉक्स तो तसाच उचलून ड्राईव्हवर टाकतो, स्वतः काही नवीन बनवत नाही. एचडी चॅनल साधारण ६ ते १० एमबीपीएसने, म्हणजे सेकंदाला ६ ते १० मेगाबिटने येतो, आपण ८ धरू. ८ बिटचा एक बाईट, म्हणून ८ एमबीपीएस म्हणजे सेकंदाला १ एमबी, तासाला ३.६ जीबी. एसडी सिरीयल याच्या तिसऱ्या-चौथ्या हिश्श्यात येते, २ ते ३ एमबीपीएस. म्हणून तुमची सिरीयल नीट होते अन् मॅच अडकते.

आता सव्वा तासाच्या आत थांबण्याचं बघा. नवीन ६४ जीबीचा पेनड्राईव्ह दुकानातून बहुतेक exFAT मध्ये, म्हणजे ड्राईव्हवर फाईली मांडायच्या एका पद्धतीत येतो, ते कित्येक बॉक्सना वाचता येत नाही, मग बॉक्स "फॉरमॅट करू का" विचारतो, आपण ओके दाबतो आणि तो FAT32 करून टाकतो. FAT32 मध्ये एका फाईलची मर्यादा ४ जीबी, त्याच्यावर एक बाईट पण नाही. ८ एमबीपीएसने ४ जीबी भरायला लागतात साधारण ७१ मिनिटं. म्हणजे तुमचं सव्वा तासाच्या आत थांबणं जवळपास मिनिटावर जुळतं. चॅनलचा वेग कमीजास्त होत राहतो, म्हणून एखाद दिवशी ६५ मिनिटांनी थांबेल, एखाद दिवशी ८० ने, पण थांबेल त्याच आकड्याच्या आसपास. तीच एसडी सिरीयल असेल तर ४ जीबी व्हायला तीन तासांच्या वर लागतात, एवढी लांब सिरीयल कोणी रेकॉर्ड करत नाही, त्यामुळे तिथे ही भानगड कधी दिसतच नाही.

खात्री करायची असेल तर पेनड्राईव्ह लॅपटॉपला लावा, बॉक्सने बनवलेलं फोल्डर उघडा आणि सगळ्यात मोठ्या फाईलवर राईट क्लिक करून Properties बघा. व्हिडिओ चालणार नाही तरी आकार दिसतो. ३.९९ जीबी किंवा ४.२९ अब्ज बाईटच्या आसपास दिसलं तर विषय संपला, फाईल भिंतीला धडकली. एक सांभाळा, विंडोजने "ही डिस्क वापरण्याआधी फॉरमॅट करा" असं विचारलं तर नाही म्हणा. काही बॉक्स ड्राईव्हला स्वतःच्या पद्धतीने फॉरमॅट करतात, विंडोजला ते समजत नाही आणि घाईत ओके दाबलं की सगळी रेकॉर्डिंग जातात.

यावर उपाय बॉक्सवर अवलंबून आहे. चांगले बॉक्स FAT32 वर असले तरी एका रेकॉर्डिंगचे आपोआप तुकडे करत जातात आणि चालवताना सलग दाखवतात, त्यांना हा त्रास नाही. तुमचा तसा नाही हे दिसतंच आहे. मग मेनूमध्ये स्टोरेज किंवा यूएसबीच्या सेटिंगमध्ये जाऊन फॉरमॅटचे प्रकार बघा, NTFS असेल तर त्यात फॉरमॅट करून एक पूर्ण मॅच रेकॉर्ड करून पाहा. पण NTFS पण सगळीकडे सरळ चालत नाही, काही बॉक्स NTFS फक्त वाचतात, लिहीत नाहीत, तर काहींचा लिहिण्याचा वेग त्यात खाली जातो. आणि मेनूत FAT32 सोडून काहीच नसेल तर माझा साधा जुगाड असा की एक मोठा टायमर लावायच्या ऐवजी तास-तासाचे टायमर लावा, ७ ते ८, ८ ते ९, ९ ते १०, असे. प्रत्येक वेळी नवीन फाईल बनते, मधे काही सेकंद जातात पण पूर्ण दुसरी इनिंग जात नाही.

आता अटकून अटकून चालण्याकडे येऊ, खरं डोकं इथे लावावं लागते. पहिली गोष्ट, अटकतं ते लिहिताना बिघडलंय का वाचताना, हे ठरवा. जिथे अटकलं तिथून अर्धा मिनिट मागे घ्या आणि पुन्हा चालवा. बरोबर त्याच चेंडूवर, त्याच जागी पुन्हा चौकोन आले तर नुकसान फाईलमध्येच आहे, म्हणजे रेकॉर्ड होतानाच डेटा गेला. दर वेळी वेगळ्या जागी अटकत असेल, किंवा दुसऱ्यांदा तीच जागा साफ चालली, तर फाईल चांगली आहे आणि गडबड वाचण्यात आहे, सैल पोर्ट, लांब पातळ एक्स्टेन्शन केबल, कमी पडणारी पॉवर, यातलं काहीतरी. ही परीक्षा फुकट आहे, आधी हीच करा.

त्याच जागी अटकत असेल तरी लगेच पेनड्राईव्हवर नाव घेऊ नका. रेकॉर्डिंग चालू असताना लाईव्ह चित्र पण तसंच तुटलं होतं का? जुलै-ऑगस्टमध्ये आपल्याकडे ढग भरून आले की डिशचा सिग्नल पडतो, आणि बॉक्स जे आलं तेच लिहितो, तुटकं आलं तर तुटकंच. म्हणून परीक्षा कोरड्या दिवशी घ्या, सिग्नलची पट्टी मेनूत बघून घ्या, आणि लाईव्ह साफ असताना रेकॉर्ड झालेलं तुटकं निघालं तरच ड्राईव्हला पकडा.

तुम्ही म्हणता लॅपटॉपवर मस्त चालते. चालणारच ना. लॅपटॉपवर तुम्ही पिक्चर बघता म्हणजे फक्त वाचता, आणि वाचण्यात स्वस्तातला स्वस्त पेनड्राईव्ह पण जोरात असतो. कॉपी करता तेव्हा ड्राईव्ह दोन-तीन सेकंद थांबला तरी लॅपटॉप वाट पाहतो, बिघडत काही नाही, कॉपी थोडी उशिरा होते एवढंच. सॅटेलाईट वाट पाहत नाही. चालू नळाखाली बादल्या बदलत राहिल्यासारखं आहे, बादली उचलून नेणारा क्षणभर जास्त थांबला की पाणी जमिनीवर, आणि नळ कोणासाठी बंद होत नाही.

बॉक्समध्ये ही वाट पाहायची जागा, म्हणजे बफर, फार छोटा असतो. समजा २ एमबीचा आहे. एचडी सेकंदाला १ एमबी येते, म्हणजे ड्राईव्ह २ सेकंद गप्प बसला तरी चालेल. तो ३ सेकंद गप्प बसला तर एका सेकंदाचा डेटा कायमचा गेला. आणि दिसताना नुकसान एका सेकंदाचंच दिसत नाही, कारण पूर्ण चित्र अधूनमधूनच पाठवतात, मधल्या वेळात फक्त काय बदललं तेवढंच येते. मधला तुकडा गेला की पुढचं पूर्ण चित्र येईपर्यंत चौकोन, हिरवे पट्टे, आवाज पुढे अन् चित्र मागे, असं सगळं होते. एसडीला तोच २ एमबीचा बफर ५ ते ८ सेकंद पुरतो, म्हणून तोच पेनड्राईव्ह त्याच बॉक्सवर सिरीयल बिनचूक रेकॉर्ड करतो. तुमच्या तक्रारीत मला सगळ्यात बोलकी हीच खूण वाटली.

पेनड्राईव्ह गप्प काऊन बसतो? सेकंदाला १ एमबी म्हणजे काहीच नाही, साधा पेनड्राईव्ह पण सरासरी ५-१० एमबीने लिहितो. पण सरासरीने इथे पोट भरत नाही. आतली मेमरी अशी असते की भरलेल्या जागेवर थेट लिहिता येत नाही, आधी मोठा गठ्ठा पुसावा लागतो, मग लिहायचं. आतला छोटा कंट्रोलर ही उचलठेव मधेमधे करतो आणि तेवढा वेळ बाहेरचं काही ऐकत नाही. वरून FAT32 मध्ये फाईल जशी वाढते तशी ड्राईव्हच्या सुरुवातीला असलेली नोंदवही पण पुन्हा पुन्हा अपडेट करावी लागते, म्हणजे मोठ्या लिखाणाच्या मधे बारीक बारीक लिखाण, आणि स्वस्त पेनड्राईव्ह इथेच मरतो. फॉरमॅट करताना क्लस्टर, म्हणजे जागेचा सगळ्यात छोटा कप्पा, ४ केबीचा राहिला असेल तर प्रत्येक एमबीला अडीचशेच्या आसपास नोंदी लागतात, ३२ केबीचा असेल तर तीसेक. म्हणून लॅपटॉपवर फॉरमॅट करत असाल तर Allocation unit size मध्ये ३२ केबी घ्या. पण विंडोजच्या नेहमीच्या खिडकीत ३२ जीबीच्या वरच्या ड्राईव्हला बहुतेक FAT32 चा पर्यायच येत नाही, तेव्हा ६४ वाला बॉक्समध्येच फॉरमॅट केलेला बरा.

अजून एक, जे लोकांना चक्रावून टाकते. "नवीन होता तेव्हा तीन महिने मस्त चालला, आता अटकतो." तुम्ही बॉक्समधून जुनी मॅच डिलीट केली तरी बॉक्स ते आतल्या कंट्रोलरला सांगत नाही, त्याच्या लेखी जागा भरलेलीच असते. एकदा पूर्ण ६४ जीबीवरून हात फिरला की कंट्रोलरकडे मोकळे गठ्ठे उरत नाहीत, आणि प्रत्येक लिखाणाआधी त्याला उचलठेव करावी लागते. क्विक फॉरमॅटने नोंदवही कोरी होते, पण कंट्रोलरची ही अडचण तशीच राहते.

तुमचा पेनड्राईव्ह असा आहे का ते घरी पाहता येते. त्यातलं सगळं काढून घ्या, दीड-दोन जीबीच्या पंधरा-वीस फाईली एका फोल्डरमध्ये जमवा आणि एकदम त्यावर कॉपी करा. कॉपीच्या खिडकीत More details दाबलं की वेगाचा आलेख दिसतो. तो एकसारखा चालला, भले ८ एमबीवर चालला, तरी रेकॉर्डिंगला पुरे. पण सुरुवातीला ४० दाखवून मग खाली येतो, मधेमधे शून्याला टेकतो, तिथे दोन-चार सेकंद बसतो आणि पुन्हा उडी मारतो, असं दिसलं तर हेच ते गप्प बसणं, तुमच्या डोळ्यासमोर. मग त्या ड्राईव्हवर एचडी रेकॉर्डिंग विसरा, गाणे टाका अन् गाडीत वापरा.

याच्यासोबत H2testw नावाचा छोटा फुकट प्रोग्राम पण चालवून घ्या. तो रिकाम्या ड्राईव्हवर काठोकाठ फाईली लिहितो आणि परत वाचून मेळ लावतो. बाजारात ६४ चा शिक्का मारलेले, आत प्रत्यक्षात ८ जीबी असलेले पेनड्राईव्ह खूप फिरतात, ते ८ जीबीपर्यंत अगदी शहाण्यासारखे वागतात आणि पुढचं सगळं हवेत लिहितात. अशा ड्राईव्हवर रेकॉर्डिंग यादीत दिसते, वेळ पूर्ण दिसते, चालवलं की काळं. शेवटी Test finished without errors आलं तर माल खरा आहे.

आता हार्ड डिस्क. टिकटिक अन् रिस्टार्ट एकदम म्हणजे बहुतेक डिस्कला करंट पुरत नाही. यूएसबी २.० च्या पोर्टमधून ठरलेला करंट ५०० मिलीअँप. तुमच्या लॅपटॉपच्या डिस्कवर स्टिकर असेल, त्यावर ५ व्होल्टच्या पुढे किती अँप लिहिलंय ते वाचा, ०.५५ पासून १ अँपपर्यंत काहीही असू शकते, आणि तबकडी फिरायला सुरू होताना क्षणभर त्याच्यापेक्षा जास्त ओढते. इकडे बॉक्सचा अडॅप्टर कित्येकदा १२ व्होल्ट १ अँपचाच, त्यातच बॉक्स चालवायचा, वर छपरावरच्या डिशच्या तोंडाशी असलेल्या एलएनबीला करंट द्यायचा आणि राहिलं तर यूएसबीला. डिस्कने झटका मारला की व्होल्टेज बसते, डिस्क फिरता फिरता थांबते, पुन्हा प्रयत्न करते, तीच टिकटिक, आणि बॉक्स बंद होऊन चालू होतो. हे वारंवार करू नका, त्याने डिस्कचं डोकं खराब होते. डिस्क वापरायचीच असेल तर स्वतःचा अडॅप्टर असलेली केस घ्या. अडॅप्टरवाला हब पण चालतो, पण काही बॉक्स हब ओळखत नाहीत, त्यामुळे दुकानदाराशी परत करण्याचं आधी बोलून घ्या. आणि बाहेरच्या डिस्क थोडा वेळ काम नसलं की झोपतात, टायमर सुरू झाला की जागं व्हायला काही सेकंद घेतात, त्यात सुरुवात कापली जाते किंवा बॉक्स "यूएसबी सापडत नाही" म्हणून टायमर सोडून देतो. टायमर पाच मिनिटं आधीचा लावायची सवय ठेवा.

मग घ्यायचं काय? माझ्याकडे येणाऱ्यांना मी पहिलं सांगतो साधी साटा एसएसडी, २४०-२५६ जीबीची, यूएसबी केसमध्ये. फिरणारं काही नाही म्हणून सुरू होतानाचा तो झटका नाही, आणि एचडीचा वेग तिला जाणवत पण नाही. दुसरा पर्याय लोकांच्या डोक्यात येत नाही, तो म्हणजे मेमरी कार्ड, चांगल्या यूएसबी रीडरमध्ये. पेनड्राईव्हच्या पाकिटावर जो मोठा आकडा असतो तो बहुतेक वाचण्याचा आणि "अप टू" असतो, लिहिण्याचा वेग किमान किती राहील याचं वचन कोणी देत नाही. कार्डवर ते वचन छापलेलं असते, V10 म्हणजे सलग लिहिताना किमान १० एमबी, V30 म्हणजे किमान ३०. त्यातही सीसीटीव्ही आणि गाडीच्या कॅमेऱ्यासाठी येणारं High Endurance लिहिलेलं घ्या, ते दिवसभर सलग लिहिण्यासाठीच बनवलेलं असते, म्हणजे नेमकं आपलं काम. सीताबर्डीला सीसीटीव्हीच्या सामानाच्या दुकानात विचारा, पण H2testw चालवून बघेपर्यंत बिल फेकू नका.

साईज किती लागेल ते घरीच काढता येते. टी-ट्वेंटी मॅच समारंभासकट चार तास धरली तर १४ जीबीच्या आसपास, वनडे आठ तासांची २९ च्या आसपास. १२८ जीबीत एचडीचे पस्तीसेक तास बसतात, घरच्या वापराला खूप झालं. २ टीबीच्या वरच्या डिस्कच्या नादी लागू नका, जुन्या बॉक्सना त्यांचं पार्टिशन समजत नाही. ड्राईव्हवर पार्टिशन पण एकच ठेवा, दोन असले की बॉक्स भलतंच पकडतो.

आपल्या हवेचं पण बघावं लागते. मे महिन्यात ४५ डिग्रीत भिंतीवरच्या टीव्हीच्या मागे, बॉक्सला चिकटून खोचलेला पेनड्राईव्ह हात लावता येत नाही एवढा तापतो, आणि तापला की तो स्वतःच वेग कमी करतो. चांगल्या जाडीची, अर्ध्या फुटाची एक्स्टेन्शन लावून त्याला मोकळ्या हवेत काढा, लांब पातळ केबल नको, तिच्यात व्होल्टेज पडते. आणि वादळात लाईन गेली की चालू रेकॉर्डिंगची नोंदवही अर्धवट राहते, ती मॅच तर जातेच, कधी पूर्ण ड्राईव्ह बॉक्सला दिसेनासा होतो. इन्व्हर्टरवर टीव्हीचा पॉईंट नसेल तर निदान बॉक्सचा अडॅप्टर तरी इन्व्हर्टरवर घ्या, तो फार ओढत नाही.

हे सगळं करून, म्हणजे एसएसडी किंवा चांगलं कार्ड लावून, बॉक्समध्येच फॉरमॅट करून, कोरड्या दिवशी, तरीही त्याच जागी चौकोन आले, तर मग बॉक्सच्या यूएसबी पोर्टवर संशय घ्या आणि कंपनीला बोलवा. पण बॉक्स बदलून देण्याआधी ठेवणीतल्या मॅच बघून घ्या. पैसे भरून घेतलेल्या डीटीएचवर रेकॉर्डिंग त्याच बॉक्सच्या कुलपात असते, ड्राईव्ह तुमच्याकडे राहिला तरी नवीन बॉक्स ती उघडत नाही आणि लॅपटॉप तर नाहीच नाही. फुकट चॅनल दाखवणारा साधा फ्री-टू-एअर बॉक्स असेल तर गोष्ट वेगळी, तिथे बहुतेक सरळ .ts फाईल मिळते, ती लॅपटॉपवर चालते आणि कॉपी करून ठेवता येते.